इअरबडचं अपडेट ६२ टक्क्यांवर का अडकतं?

इअरबड, स्मार्टवॉच किंवा कॅमेरा यांचं अपडेट सुरू केलं की ॲप आपल्याला एकच पट्टी दाखवतं, शून्य ते शंभर. त्या एका पट्टीमागे तीन वेगवेगळी कामं असतात. पहिलं, नवी फाइल कंपनीच्या सर्व्हरवरून फोनमध्ये उतरवणं. दुसरं, ती फोनमधून उपकरणात पोचवणं. तिसरं, उपकरणानं जुनं बाजूला करून नव्यावर सुरू होणं. गाडी अडकली की बहुतेक जण घाबरून फोन बंद कर, बड काढ, घाल असं काहीतरी करतात. पण अडकलं कुठल्या टप्प्यात हे कळलं, तर घाबरायचं की नाही आणि काय करायचं हे जवळजवळ ठरूनच जातं.

फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या चिपवर कायम राहणारं सॉफ्टवेअर. इअरबडमध्ये नॉइज कॅन्सलेशन, टच, कॉलच्या वेळचा माइक, दोन कानांमधला ताळमेळ आणि बॅटरीचं चार्जिंग हे सगळं तेच सांभाळतं. फोनला अपडेट हवं असेल तर तो स्वतः इंटरनेटवर जातो. इअरबडला सहसा वाय-फाय नसतं, सिम नसतं, पडदाही नसतो. त्याला जगाशी जोडणारी एकच वाट म्हणजे ब्लूटूथ, आणि त्या वाटेवर पलीकडे उभा आहे तुमचा फोन. म्हणून ॲप लागतं. फाइल आणून द्यायची, नीट पोचली का बघायचं आणि शेवटी 'हो, लाव' असं सांगायचं, एवढंच त्याचं काम.

पहिला टप्पा निरुपद्रवी असतो. डाउनलोड अर्धवट राहिलं तर फोनमध्ये एक अर्धी फाइल पडून राहते, बाकी काही नाही. उपकरणाला अजून हातसुद्धा लागलेला नसतो. इथे अडलं तर बिनधास्त ॲप बंद करून पुन्हा उघडा. 'डिव्हाइस सापडत नाही' ही तक्रारही याच पायरीची, आणि तिचं कारण बहुतेकदा परवानगी असतं. अँड्रॉइड १२ पासून आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला `Nearby devices` नावाची वेगळी परवानगी लागते, त्याआधीच्या फोनांत त्यासाठी लोकेशनची परवानगी द्यावी लागे. ॲप पहिल्यांदा उघडताना आपण कंटाळून सगळ्याला नाही म्हणतो. मग गाणी वाजतात, कारण ते काम फोनची सिस्टिम करते, पण ॲपला मात्र बड दिसत नाही.

खरी गंमत दुसऱ्या टप्प्यात आहे. वेळही इथेच जातो आणि भांडणंही इथेच होतात.

ब्लूटूथचा जो कमी वीज खाणारा प्रकार आहे, बीएलई, तो छोट्या निरोपांसाठी बनवलेला आहे. हृदयाचे ठोके किती, बॅटरी किती, एवढ्यासाठी तो उत्तम. त्यात मुळात एका पाकिटात खरा माल फक्त २० बाइट जायचा. नव्या चिप आणि नवे फोन आपसात ठरवून पाकीट मोठं करतात, तेव्हा २४० बाइटच्या आसपास मजल जाते. तरीही प्रत्येक तुकडा पाठवायचा, पोचला का विचारायचं, नसेल तर पुन्हा पाठवायचा, हे चालूच असतं. समजा फर्मवेअर ३ एमबीचं आहे आणि प्रत्यक्षात वेग सेकंदाला ५ केबी मिळतोय. म्हणजे ६०० सेकंदांच्या वर, साधारण दहा मिनिटं. बड दोन. म्हणजे वीस मिनिटं, आणि त्यावर तपासणी वेगळी. काही कंपन्या बीएलईऐवजी नेहमीच्या ब्लूटूथवरून फाइल पाठवतात, तिथे हे जरा लवकर होतं. पण व्हॉट्सॲपवर ३ एमबीचा फोटो डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो म्हणून इअरबडकडून तीच अपेक्षा ठेवणं चूक. त्यात तुम्ही गाणं लावून ठेवलं असेल तर तोच छोटासा रेडिओ गाणंही आणतोय आणि फाइलही. वेग आणखी घसरतो.

दोन बड हा तर वेगळाच संसार. बहुतेक रचनांमध्ये फोन एका बडशी बोलतो, तो मुख्य. दुसरा दुय्यम, तो मुख्याकडून माल घेतो. कुणाची बॅटरी जास्त, कुणाचा सिग्नल चांगला यावरून या भूमिका चालता चालता बदलतातही. तुम्ही मुख्य बड कानातून काढून केसमध्ये टाकला, की दुसरा तत्काळ मुख्य होतो. एरवी ही सोय आहे. अपडेटच्या मध्यात हीच सोय घोळ घालते, कारण ॲप ज्याच्याशी बोलत होतं तो एकदम गायब होतो आणि समोर येतो तो दुसराच.

माझ्या मावसभावाचं असंच झालं. डोंबिवलीहून दादरला जाताना गाडीत त्यानं अपडेट सुरू केलं. कानात दोन्ही बड, गाणी चालू, फोन खिशात. डब्यात शंभर माणसं, म्हणजे शंभर फोन, त्यांची ब्लूटूथ, त्यांचे हॉटस्पॉट, सगळे त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी करून. पट्टी ६२ वर आली तेव्हा शेजारच्यानं काहीतरी विचारलं, यानं उजवा बड काढून केसमध्ये ठेवला आणि झाकण लावलं. झाकण लागलं की बड झोपतो. पट्टी ६२ वरच राहिली, थोड्या वेळानं `Update failed` आलं. संध्याकाळी त्याची तक्रार: डावा वाजतो, उजवा अधूनमधून वाजतो, कॉल आला की दोन्ही गप्प.

ॲपमध्ये डाव्यासमोर नवा आवृत्ती क्रमांक होता आणि उजव्यासमोर जुना. आता ते ६२ नीट वाचा. त्या मॉडेलचं ॲप दोन्ही बडचा मिळून एकच आकडा दाखवत होतं आणि एकामागून एक बड उरकत होतं. ५० टक्क्यांना डावा पूर्ण झाला, रीस्टार्ट होऊन नव्यावर गेलासुद्धा. पुढचे १२ टक्के म्हणजे उजव्याची फाइल जेमतेम पाव भरली होती. उजवा बिघडला नव्हता, तो जुन्यावर ठणठणीत होता. पण दोन बड एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तीच नव्या आवृत्तीत बदलली असावी, त्यामुळे त्यांची जोडी जुळेना. ही रचना मला बरी वाटत नाही. शहाण्या रचनेत दोन्ही बडमध्ये फाइल पूर्ण पोचेपर्यंत कुणीच नव्यावर जात नाही, आणि गेले तर दोघं एकदम जातात. पण खोक्यावर हे कुणी लिहीत नाही, त्यामुळे विकत घेताना कळायला मार्ग नाही.

सोडवणूक साधी निघाली. दोन्ही बड केसमध्ये, केस चार्जरला, बॅटरी वर येईपर्यंत धीर. फोनच्या ब्लूटूथ यादीतून जुनी जोडणी काढून टाकली, ती `Forget` म्हणतात ती. मग केसवरचं बटण माहितीपत्रकात सांगितलं होतं तितका वेळ दाबून दोन्ही बड रीसेट केले. नव्यानं जोडल्यावर ॲपनं स्वतःच ओळखलं की एक बड मागे राहिलाय आणि पुन्हा अपडेट विचारलं. या वेळी फोन टेबलावर, शेजारीच बड, गाणी बंद, ॲप डोळ्यांसमोर उघडं. झालं. स्वस्तातल्या काही जोड्यांमध्ये मात्र ॲप फक्त मुख्य बडचीच आवृत्ती पाहतं आणि 'सगळं अद्ययावत आहे' म्हणून मोकळं होतं. तिथे एक युक्ती कधी कधी चालते: फक्त मागे राहिलेला बड बाहेर काढून तो एकटाच जोडायचा, म्हणजे तोच मुख्य ठरतो आणि ॲपला त्याची जुनी आवृत्ती दिसते. नाही चाललं तर सर्व्हिस सेंटर.

फोन खिशात ठेवणं हेही एक कारण असतं, आणि ते सिग्नलपेक्षा वेगळं आहे. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बिनदिक्कत मारतात. पडदा बंद झाला, दोन मिनिटं गेली, ॲप संपलं, फाइल वाटेत. प्रत्येक वेळी पट्टी साधारण तितक्याच मिनिटांनी थांबत असेल, तर संशय इथेच घ्या. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये `Unrestricted` किंवा `No restrictions` असं काही दिसेल ते तेवढ्यापुरतं निवडा आणि अपडेट संपेपर्यंत पडदा चालू ठेवा. आयफोनवरही ॲप वर ओढून काढून टाकलं की काम थांबतं.

एवढं सगळं बिघडूनही दुसऱ्या टप्प्यात उपकरण सहसा मरत नाही. त्याचं कारण चिपच्या आतल्या मांडणीत आहे. बऱ्याच आधुनिक इअरबडमध्ये फर्मवेअरसाठी दोन जागा राखलेल्या असतात. चालू फर्मवेअर एका जागेत, नवी फाइल दुसऱ्या रिकाम्या जागेत उतरते. नवं घर बांधून पुरं होईपर्यंत जुन्यातच राहायचं, असा हा व्यवहार. अर्धवट फाइल पडून राहिली तरी बड जुन्यावरच सुरू होतो. फाइल पूर्ण आली की चिप आधी तिची बेरीज जुळते का पाहते, म्हणजे वाटेत एखादा बाइट बदलला तर नाही ना, आणि मग तिच्यावरची कंपनीची डिजिटल सही तपासते. सही चुकली तर फाइल फेटाळली जाते. इंटरनेटवर कुठूनतरी मिळालेलं 'सुधारित' फर्मवेअर चांगल्या कंपनीच्या बडवर चढत नाही ते यामुळे.

आणि मग तिसरा टप्पा. बड रीस्टार्ट होतो आणि नव्या जागेतून सुरू होतो. काही चिपमध्ये यानंतर आणखी एक पायरी असते, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. नवं फर्मवेअर आधी तात्पुरतं चालतं. ॲप पुन्हा जोडलं जातं, बड बोलतोय हे बघतं आणि 'पक्कं कर' असा निरोप देतं. तो निरोप आला नाही तर बड आपणहून जुन्यावर परततो. म्हणून १०० टक्के दिसताक्षणी ॲप मारलं की दुसऱ्या दिवशी तेच अपडेट पुन्हा विचारलं जातं, आणि माणूस म्हणतो, अरे, काल तर केलं होतं! पट्टी शंभरावर गेली तरी ॲप स्वतः 'पूर्ण झालं' म्हणेपर्यंत आणि नवा क्रमांक दाखवेपर्यंत थांबा.

धोका तिसऱ्या टप्प्यात आहे, तोही सगळीकडे नाही. जागा वाचवण्यासाठी काही उपकरणांत एकच जागा असते आणि जुनं पुसूनच नवं लिहावं लागतं. दोन जागा असलेल्यांतही सुरुवात करून देणारा बूटलोडर नावाचा छोटा भाग बदलायचा असेल तर तो क्षण नाजूक असतो. फ्लॅश मेमरीवर लिहिताना व्होल्टेज पडलं की लिहिलेलं वेडंवाकडं होतं. म्हणून तर ॲप बॅटरीची अट घालतं, कुठे ३० टक्के, कुठे ५०. दोन-तीन वर्षं वापरलेल्या बडच्या बाबतीत या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. म्हातारी बॅटरी ६० दाखवते आणि भार आला की पाच मिनिटांत २० वर येते. तिला पूर्ण भरूनच अपडेटला बसवावं.

ॲपलच्या एअरपॉड्समध्ये यातलं काहीच दिसत नाही, कारण तिथे अपडेटचं बटणच नाही. बड केसमध्ये चार्ज होत असताना, जवळ वाय-फायला जोडलेला आयफोन, आयपॅड किंवा मॅक असेल तर ते आपोआप उतरतं. झाकण लावून केस चार्जरला जोडा आणि निदान अर्धा तास जवळ ठेवा, एवढंच ॲपल सांगते. झालं की नाही हे ब्लूटूथ सेटिंगमध्ये एअरपॉड्सच्या नावापुढच्या खुणेवर जाऊन क्रमांक पाहिल्यावरच कळतं. ज्याच्याकडे फक्त अँड्रॉइड फोन आहे त्याचे एअरपॉड वर्षानुवर्षं त्याच आवृत्तीवर राहतात, आणि त्याला कुणी तसं सांगतही नाही.

घड्याळाची गोष्ट जरा निराळी. त्यात छोटा संगणकच बसलेला असल्यामुळे फाइल शेकडो एमबीची असू शकते, आणि ब्लूटूथवरून ती ओढायची तर तास जातो. बऱ्याच घड्याळांना स्वतःचं वाय-फाय असतं, ते चालू असेल तर वेळ खूप वाचतो. ॲपल वॉच तर चार्जरवर ठेवल्याशिवाय आणि निदान ५० टक्के भरल्याशिवाय सुरुवातच करत नाही. मात्र घड्याळांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली: तिन्ही टप्पे बिनचूक पार पडूनही अपडेट वाईट निघू शकतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉच ४ मालिकेचं एक अपडेट आलं, ज्याचा क्रमांक `GVI3` नं संपत होता. ते व्यवस्थित चढायचं, घड्याळ चालायचं. पण बॅटरी संपून किंवा हातानं बंद केलेलं घड्याळ काही जणांचं पुन्हा सुरूच होईना. तक्रारी आल्यावर सॅमसंगनं ते अपडेट थांबवलं आणि अशा घड्याळांना सर्व्हिस सेंटर दाखवलं. इथे वापरणाऱ्याची काही चूक नव्हती, आणि चार दिवस थांबलेले वाचले.

जानेवारी २०२५ मध्ये गार्मिनच्या अनेक घड्याळांवर निळा त्रिकोण येऊन ती पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागली, तेव्हाही अनेकांना वाटलं की फर्मवेअर फसलं. प्रत्यक्षात दोष जीपीएसच्या एका फाइलचा होता. उपग्रह कुठे आहेत हे लवकर सापडावं म्हणून ती फाइल सिंक होताना घड्याळात गुपचूप येत असते. जीपीएस लागणारा व्यायाम सुरू केला की घड्याळ ती वाचायचं आणि कोलमडायचं. बटण दाबून जबरदस्तीनं रीस्टार्ट करून पुन्हा सिंक केलं की बऱ्याच घड्याळांमध्ये दुरुस्त फाइल येत होती. म्हणजे अपडेट बंद ठेवलं तरी ॲपमार्फत येणाऱ्या सगळ्याच गोष्टी थांबत नाहीत.

कॅमेऱ्यात पोचवण्याचं काम वाय-फायवरून होतं, आणि तिथली फजिती मजेशीर आहे. ॲप आधी फाइल फोनमध्ये उतरवतं, मग फोन कॅमेऱ्यानं उभ्या केलेल्या वाय-फायला जोडला जातो. त्या वाय-फायला अर्थातच इंटरनेट नाही. फोन विचारतो, 'इथे इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवू?' आपण दुर्लक्ष करतो किंवा नाही म्हणतो, फोन हळूच मोबाइल डेटावर किंवा घरच्या वाय-फायवर उडी मारतो आणि फाइल मध्येच राहते. 'हो, ठेव' म्हणा, आणि तेवढा वेळ मोबाइल डेटा बंद ठेवा. व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद.

ॲपशी झगडून कंटाळा आला तर कॅमेऱ्याला दुसरी वाट आहे, मेमरी कार्डाची, आणि मला तीच जास्त भरवशाची वाटते. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, संगणकावरून फाइल कार्डच्या अगदी वरच्या पातळीवर ठेवायची, कुठल्या फोल्डरमध्ये नाही. फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यात मग `DISP/BACK` बटण दाबून धरून कॅमेरा सुरू करायचा. इथे एक हमखास फसण्याची जागा आहे. ती फाइल तुम्ही आधी एकदा उतरवली असेल तर ब्राउझर दुसरीला असं नाव देतो:

```
FWUP0025 (1).DAT
```

कॅमेरा मात्र नेमकं `FWUP0025.DAT` शोधत असतो. नावातला आकडा मॉडेलप्रमाणे वेगळा असतो, पण कंस आणि मोकळी जागा कुठल्याच मॉडेलला चालत नाही. कॅमेरा म्हणतो फाइल नाही, आपण कार्ड बदलतो, रीडर बदलतो, कॅमेऱ्यालाच दोष देतो. नाव सुधारलं की काम होतं. बाकी नियम एकच, पण तो कडक: बॅटरी पूर्ण भरलेली, आणि लिहिणं चालू असताना बटणांना हात नाही, कितीही वेळ पडदा काळा राहिला तरी. कॅमेऱ्यात हा तिसरा टप्पा काही मिनिटं चालतो.

मग अपडेट करायचं का? नवीन इक्वलायझर, नवीन घड्याळाचे चेहरे एवढंच असेल तर मी आठवडा-दोन आठवडे थांबतो आणि लोक काय म्हणतात ते बघतो, कारण परतीची वाट बहुधा नसते. अनेक कंपन्या मुद्दामच जुनं फर्मवेअर पुन्हा चढू देत नाहीत, म्हणजे जुनी सुरक्षा-भगदाडं परत उघडू नयेत. पण अपडेट सुरक्षेचं असेल तर थांबण्यात अर्थ नाही. जून २०२५ मध्ये ईआरएनडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या संशोधकांनी आयरोहा या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ब्लूटूथ चिपमधल्या तीन त्रुटी जाहीर केल्या. कारखान्यासाठी ठेवलेली एक वाट ओळख न विचारता उघडी होती, आणि ब्लूटूथच्या पल्ल्यात आलेला जाणकार माणूस जोडणी न करता बडची मेमरी वाचू शकत होता. सोनी, बोस, जेबीएल, मार्शल अशा मोठ्या नावांची मॉडेल त्यात होती. आयरोहानं दुरुस्ती कंपन्यांना दिली. मग प्रत्येक कंपनीनं आपापल्या मॉडेलसाठी वेगळं फर्मवेअर बांधायचं, ते ॲपवर टाकायचं, आणि त्यानंतर ते चढणार फक्त त्यांच्याच बडवर ज्यांच्या फोनमध्ये ते ॲप आहे. खोक्यातून काढून थेट ब्लूटूथला जोडलेले आणि ॲप कधीच न टाकलेले बड आजही त्याच आवृत्तीवर वाजत असतील. तुमचे तसे असतील तर ॲप टाका, डाव्या आणि उजव्या दोघांचा क्रमांक बघा, आणि अपडेट सुरू करण्याआधी तो कुठेतरी लिहून ठेवा. काही बिघडलं तर सर्व्हिस सेंटरवाला पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि तेव्हा बड सुरू होत नसतात.